वर दहा, खालीं एक

दिवेलागणीच्या वेळीं आपल्याकडील घरांतून पूर्वीं एक विशिष्ट आवाज ऐकूं येत असे. शुभंकरोति आटोपली कीं मुलें भिंतीपाशीं ओळीनें बसत आणि परवचा सुरू होई. आधीं पाढे, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. आमच्या वडिलांच्या पिढीनें हें सारें म्हटलें. आमच्या वांट्यास तीसपर्यंतचे पाढे तेवढे आले. परवच्याचे गोडवे गाण्याचा माझा हेतु नाहीं. त्यांत घोकंपट्टी पुष्कळ होती आणि प्रसंगीं छडीहि होती. मला त्यांतली एकच गोष्ट आज लक्षांत घेण्यासारखी वाटते, आणि ती म्हणजे ऐकणाऱ्या वडील माणसाचें काम. आजी तांदूळ निवडीत असे, आजोबा सुपारी कातरीत असत. मूल अडलें कीं "हूं, पुन्हा म्हण," एवढेंच ते म्हणत. मुलाच्या ऐवजीं आपणच पाढा म्हणून टाकावा असें कोणाच्या स्वप्नांतहि आलें नसतें. कारण तसें करून कांहीं साधण्यासारखें नव्हतें. दुसऱ्या दिवशीं कोणाला कांहीं दाखवायचें नव्हतें.

गृहपाठाची वही घरांत आली आणि हें चित्र पालटलें. वही ही दाखवण्याची वस्तु आहे. तिच्यावर बाईंची लाल खूण व्हायची असते, आणि ती खूण मुलापेक्षां आईबापांनाच अधिक बोचते. म्हणून वहींतलें काम नीटनेटकें, बिनचूक आणि झोपण्यापूर्वीं पुरें झालेंच पाहिजे, असा हट्ट घरांत शिरतो, आणि त्या हट्टापायीं रोज संध्याकाळीं जी लढाई जुंपते तिला आतां कोणी लढाईहि म्हणत नाहीं. तिला "अभ्यास घेणें" म्हणतात.

असा अभ्यास घेण्याचा एक प्रसंग मला लागोपाठ पंधरा दिवस पाहावयास मिळाला. मी साताऱ्यास असतों. माझे थोरले बंधु सांगलीस, विश्रामबागेंत राहतात. गेल्या पावसाळ्यांत परीक्षेच्या कामासाठीं माझा त्यांच्याकडे मुक्काम पडला. दादा निवृत्त आहेत. मुलगा कामानिमित्त बहुधा फिरतीवर, सूनबाई बँकेंत, आणि नातू तिसरींत. घर सुखी, माणसें समंजस. परंतु रात्रीं आठाचा सुमार झाला कीं या सुखी घरांत न चुकतां रडणें ऐकूं येई. दादांचें म्हणणें असें कीं मुलगा हुशार आहे पण लक्ष देत नाहीं. सूनबाईंचें म्हणणें असें कीं शाळेंत नीट शिकवीत नाहींत. चिरंजीवांचें म्हणणें कोणी विचारीत नव्हतें, आणि मला तर तेंच सर्वांत ऐकण्याजोगें वाटूं लागलें.

गृहपाठ होता दोन अंकी वजाबाक्यांचा. एकंदर दहा उदाहरणें. पैकीं चार बरोबर आणि सहा चूक. "चार येतात म्हणजे रीत ठाऊक आहे. मग उरलेलीं सहा कां चुकतात? नुसता धांदरटपणा!" असा निकाल देऊन सूनबाई खोडरबर उचलीत. हा निकाल इतका स्वाभाविक आहे कीं शंभरांतले नव्वद पालक तो देतील. आणि तरीहि तो साफ चुकीचा आहे, हें वही दोन मिनिटें शांतपणें पाहिली कीं कळतें.

वहींत काय होतें? 52 मधून 27 वजा केले होते; उत्तर 35. 63 मधून 38. उत्तर पुन्हा 35. 84 मधून 29, उत्तर 65. आणि 76 मधून 43. उत्तर 33, हें मात्र बरोबर. धांदरट मुलाच्या चुका विस्कळित असतात. कोठें सात-पांचाचा घोटाळा, कोठें अंक उलटा. येथें तसें कांहीं नव्हतें. चुकलेलें प्रत्येक उत्तर खऱ्या उत्तराहून नेमकें दहानें मोठें होतें. बरोबर आलेल्या चारही उदाहरणांत वरचे अंक खालच्या अंकांहून मोठे होते. चुकलेल्या सहाही उदाहरणांत एककाच्या घरांत खालचा अंक मोठा होता. म्हणजे मुलाजवळ एक नियम होता आणि तो नियम तो अत्यंत प्रामाणिकपणें पाळीत होता : ज्या घरांत जो अंक मोठा असेल त्यांतून लहान अंक काढावा. 2 मधून 7 जात नाहींत ना? मग 7 मधून 2 काढा. चार उदाहरणें त्याला "येत" होतीं असें नव्हे; त्या चारांत त्याच्या चुकीच्या नियमाला चुकण्याची संधि मिळाली नव्हती, एवढेंच.

ही चूक सांगलीची नव्हे, जगाची आहे. 1978 साली जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन या दोन अमेरिकन संशोधकांनीं मुलांच्या अशा चुकांवर एक निबंध प्रसिद्ध केला. मुलें वजाबाकी चुकतात तेव्हां तीं बहुधा वाटेल तसें कांहींतरी लिहीत नसतात, तर एखादी बिघडलेली रीत बिनचूक राबवीत असतात, हें त्यांच्या प्रतिपादनाचें सार होतें. लहानांतून मोठा जात नाहीं म्हणून अंकांची अदलाबदल करणें हा त्या बिघडलेल्या रीतींचा अगदीं ठळक नमुना. तेव्हां अशा वहीवर "लक्ष दे" असा उपदेश करणें म्हणजे उलट्या रस्त्यानें जाणाऱ्या माणसाला जरा भरभर चाल म्हणून सांगण्यासारखें आहे.

आतां मौज अशी कीं घरांत मदत पुष्कळ होत होती, आणि मदतीनें प्रकरण अधिकच चिघळत होतें. सूनबाई स्वयंपाकघरांत गेल्या कीं दादा नातवाला जवळ घेत. दादांची वजाबाकी आमच्या गांवच्या प्राथमिक शाळेंतली, खणखणीत. "वर दहा दिले, खालीं एक दिला. बारांतून सात गेले पांच. दोनाचे झाले तीन. पांचांतून तीन गेले दोन. पंचवीस!" ही रीत बिनचूक आहे, आणि हातीं बसली कीं भरधांव चालते. परंतु चिरंजीवांच्या शाळेंत शिकवितात ती रीत निराळी. तिच्यांत खालच्या अंकाला कोणी हात लावीत नाहीं. 52 म्हणजे पांच दशक आणि दोन एकक. त्या पांच दशकांतलें एक दशक सुटें करायचें. दशक राहिले चार आणि एकक झाले बारा. बारांतून सात गेले पांच, चारांतून दोन गेले दोन. उत्तर तेंच, पंचवीस.

दोन्ही वाटा एकाच देवळास जातात. पण एका वाटेनें निघून मध्येंच दुसरी धरली तर माणूस शेतांत शिरतो. दुसऱ्या दिवशींच्या वहींत तें शेत स्पष्ट दिसत होतें. 52 वजा 27, उत्तर 15. मुलानें शाळेच्या रीतीप्रमाणें वरच्या पांचाला काट मारून चार केले होते, आणि आजोबांच्या रीतीप्रमाणें खालच्या दोनांना एक देऊन तीन केले होते. चारांतून तीन गेले, राहिला एक. 63 वजा 38 चें उत्तरहि 15 च. 84 वजा 29 चें 45. काल उत्तरें दहानें मोठीं होतीं, आज दहानें लहान झालीं होतीं. दोघां शिक्षकांचें ऐकणाऱ्या आज्ञाधारक मुलाची ही शिक्षा!

"कालच शिकवलं होतं ना तुला?" दादा कडाडले.

"बाईंनीं असं नाहीं सांगितलं," चिरंजीव पुटपुटले.

"बाईंना काय कळतंय? मी सांगतों तें लिही."

सूनबाई दाराशीं उभ्या होत्या. सासऱ्यांना थांबवतां येत नाहीं आणि मुलाचें रडणें पाहवत नाहीं, अशा पेचांत त्यांनीं जें केलें तेंच अशा घरांतून शेवटीं होतें. त्यांनीं वही ओढली, सहा उत्तरें खोडलीं, आणि "हं, लिही, पंचवीस, पंचवीस, पंचावन्न," असें सांगत सुटल्या. पांच मिनिटांत गृहपाठ संपला. घरांत शांतता झाली. सकाळीं वहीवर बरोबरच्या दहा खुणा आणि एक तारा पडला असणार, यांत संशय नाहीं.

या ताऱ्याची किंमत कोणीं दिली? मुलानें तर दिलीच. पण त्याच्या बाईंनींहि दिली. वर्गांत पन्नासएक वह्या तपासणाऱ्या शिक्षिकेला मुलाच्या डोक्यांत डोकावण्याची दुसरी खिडकी नसते. 35, 35, 65 हीं उत्तरें तशींच शाळेंत गेलीं असतीं, तर कसलेल्या नजरेला तीं पाहतांच कळलें असतें कीं या मुलाला दशक सुटें करण्याची कल्पनाच पोंचलेली नाहीं. चुकीचें उत्तर हें मुलानें बाईंना लिहिलेलें पत्र असतें. आईनें खोडरबर चालविला म्हणजे तें पत्र वाटेंतच फोडून त्यांतला मजकूर बदलल्यासारखें होतें. मग तिमाहीच्या चांचणींत मूल आपटतें, आणि "घरीं तर सगळं बरोबर करतो" म्हणून आई शाळेंत जाऊन भांडते. घरची वही निर्मळ आणि वर्गांतली चांचणी कोरी, असें आढळलें कीं घरांत कोणाचा हात चालतो आहे हें शोधायला दूर जावें लागत नाहीं. महाविद्यालयांत आमच्याकडे येणारे कित्येक तरुण "सर, नोट्स द्या," याखेरीज कांहीं मागत नाहींत. त्यांच्या तिसरींतल्या वह्या पाहण्याची मला फार इच्छा आहे.

सूनबाई समजूतदार. रात्रीं जेवणें झाल्यावर त्यांनींच मला विचारलें, "काका, मग आम्ही बसायचंच नाहीं कां त्याच्याजवळ?"

बसायचें तर खरेंच. आठ वर्षांच्या मुलानें एकट्यानें वही घेऊन कोपऱ्यांत बसावें ही अपेक्षा अमानुष आहे. प्रश्न बसून काय करावयाचें हा आहे. मी त्यांना एवढेंच सुचविलें कीं उद्यां कांहीं शिकवूं नका. खोडरबर त्याच्याच हातांत द्या. आणि एक उदाहरण त्याला मोठ्यानें बोलत बोलत करायला सांगा. बरोबर-चूक म्हणूं नका. तो काय करतो तें आपल्याला कळलें पाहिजे, इतकाच उद्देश.

दुसऱ्या दिवशीं तें झालें, आणि पहिल्याच वाक्याला गांठ सांपडली. चिरंजीव म्हणाले, "दोनांतून सात जात नाहींत, म्हणून पांचाला काट मारायची आणि चार करायचे." येथवर ठीक. "कां करायचे?" असें आईनें विचारतांच ते थबकले. "तशी पद्धत आहे," असें उत्तर आलें. काट मारली ती कशाची, एक गेला तो कोठें गेला, याचा त्याला पत्ता नव्हता. ज्याला गेलेला एक कोठें गेला हें ठाऊक नाहीं, त्याला खालीं आणखी एक मिळवा म्हटलें काय आणि न म्हटलें काय, सारखेंच!

तेव्हां सूनबाईंनीं आपली बँक घरांत आणली. दहा रुपयांच्या पांच नोटा आणि रुपयाचीं दोन नाणीं मुलापुढें ठेवलीं व म्हणाल्या, "वाण्याला सत्तावीस रुपये द्यायचे आहेत. दे बघूं." चिरंजीवांनीं आधीं दोन नोटा काढल्या. मग सात रुपये द्यायचे म्हणून नाण्यांकडे पाहिलें, दोनच. पुन्हा नोटांकडे पाहिलें. सूनबाईंच्या ओठांवर उत्तर आलेलें मला दिसत होतें. त्यांनीं तें मोठ्या कष्टानें गिळलें. अर्धें मिनिट गेलें असेल. अशा वेळचें अर्धें मिनिट किती लांब असतें तें ज्यानें गिळलें त्यालाच ठाऊक. शेवटीं मुलगा म्हणाला, "मोड आणायला पाहिजे."

मोड! केवढा चोख शब्द! आई मोड घेऊन आली. एका नोटेचीं दहा नाणीं. नोटा आतां एकंदर चार आणि नाणीं बारा. त्यानें सात नाणीं आणि दोन नोटा दिल्या. दोन नोटा आणि पांच नाणीं उरलीं. मग त्यानें कोणीं न सांगतां वही ओढली, पांचाला काट मारून चार लिहिले, दोनाच्या जागीं बारा लिहिले, आणि लिहितां लिहितां हात थांबवून विचारलें, "मग खालच्या दोनाचे तीन कशाला करायचे? वाण्याला जास्त कां द्यायचं?"

या प्रश्नानें माझी दोन व्याख्यानें वांचविलीं. त्याची बिघडलेली रीत त्यानेंच दुरुस्त केली होती. सूनबाईंनीं केलेलें काम पाहूं गेल्यास फार थोडें होतें. नोटा मांडणें, एक प्रश्न विचारणें आणि अर्धें मिनिट गप्प राहणें. परंतु त्यांपैकीं तिसरें काम आपल्या सुशिक्षित घरांतून जवळजवळ अशक्य होऊन बसलें आहे.

मात्र एवढ्यानें सहा उदाहरणें सुटत नाहींत, आणि उद्यां पुन्हा चूक व्हायचीच. ती झाली म्हणजे चूक आहे असें सांगायचें कोणीं? माझ्या मतें साऱ्या लढाईचें मूळ या जागीं आहे. आई "चूक" म्हणते, मूल "नाहीं" म्हणतें. मग वाद गणिताचा न राहतां कोणाचें खरें याचा होतो, आणि त्यांत मूल नेहमीं हरतें. आई जोंवर न्यायाधीश आहे तोंवर ती मदतनीस होऊंच शकत नाहीं. यावर आपल्या जुन्या हिशेबनिसांचा एक उपाय आहे, तो म्हणजे ताळा. उत्तरांत वजा केलेली संख्या मिळवावी. मूळ संख्या आली पाहिजे. 35 आणि 27 किती? 62. पण आपल्याजवळ तर 52 च होते. हें आईनें सांगायचें कारण नाहीं, वहीच सांगते. सूनबाईंनीं त्या दिवसापासून "हें चूक आहे" असें म्हणणें सोडलें आणि "ताळा पाहिलास?" इतकें म्हणणें ठेवलें. तिसऱ्या-चौथ्या दिवशीं मुलगा त्यांनीं विचारण्यापूर्वींच ताळा पाहूं लागला, आणि चूक निघाली कीं रडण्याऐवजीं "दहा जास्त आले" असें एखाद्या कारकुनासारखें जाहीर करूं लागला. ताळ्यालाहि मर्यादा आहे. चूक आहे एवढें तो सांगतो. कोठें आहे तें सांगत नाहीं. शिवाय ज्या मुलाची बेरीजच कच्ची आहे त्याला ताळा फसवितो. त्याच्याशीं आधीं बेरजेकडेच वळलें पाहिजे.

आणखी एक गांठ होती, ती मात्र खास मराठी. एके दिवशीं सूनबाई उदाहरणें वाचून दाखवीत होत्या आणि मुलगा उतरून घेत होता. त्या म्हणाल्या, "त्रेसष्टांतून अडतीस". त्यानें लिहिलें 36 आणि त्याखालीं 83. पुन्हा "लक्ष कुठं आहे?" परंतु लक्ष कानांतच होतें. त्रेसष्ट म्हणतांना आपण तीन आधीं उच्चारतों आणि साठ मागून. लिहितांना सहा आधीं येतो आणि तीन मागून. अडतिसांतहि आठ पुढें, तीस मागें. मूल ऐकलें त्या क्रमानें लिहीत होतें. इंग्रजींत विसापुढें ही अडचण नाहीं. आपल्याकडे एकविसापासून पुढें जवळजवळ सारी वाट अशी उलट सुलट आहे, आणि एकोणपन्नास म्हणतांना तर न आलेल्या पन्नासाचें नांव घ्यावें लागतें. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत "वीस एक" अशा वाचनाची रीत आली तेव्हां महाराष्ट्रभर केवढें काहूर उठलें! गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनीं त्या रीतीची बाजू मांडली, आणि त्यांच्यावर भाषा बुडविल्याचा आरोप करणाऱ्यांत असे पुष्कळ होते कीं ज्यांनीं तिसरींतल्या मुलाला कधीं अंक सांगून पाहिले नव्हते. मला स्वतःला त्रेसष्ट हा शब्द टाकून द्यावा असें वाटत नाहीं. पण मूल अडलें असतां "साठ आणि तीन" म्हणून दाखवायला काय हरकत आहे? त्यानें भाषा बुडत नाहीं, आणि मुलाचा 36 चा 63 होतो. यांत आईनें गृहपाठ केला असेंहि होत नाहीं; उदाहरण कानांतून कागदावर उतरविणें हा काहीं गृहपाठ नव्हे.

वेळेचाहि प्रश्न होता. सूनबाई बँकेंतून साडेसहाला येणार, मग स्वयंपाक, मग आठाला अभ्यास. त्या वेळीं मुलाची झोप डोळ्यांशीं आलेली आणि आईचा संयम संपलेला. अभ्यास सातापूर्वीं, खाणें आणि खेळणें झाल्यावर घेतला तेव्हां निम्मी कटकट तेथेंच मिटली. किती वेळ बसवावें याला कांहीं प्रमाण आहे काय? केंद्र सरकारच्या 2020 च्या दप्तरविषयक धोरणांत दुसरीपर्यंत गृहपाठ नकोच आणि तिसरी ते पांचवीला आठवड्यास फार तर दोन तास, असें म्हटलें आहे. सहा दिवसांनीं भागलें तर रोजचीं वीस मिनिटें होतात. शाळा तें प्रमाण पाळो वा न पाळो, घरानें पाळायला कोणाची परवानगी लागत नाहीं. वीस मिनिटें प्रामाणिकपणें बसून सातच उदाहरणें झालीं, तर सातव्यापुढें रेघ ओढावी आणि आईनें समासांत लिहावें : "येथपर्यंत स्वतः केलें. दशक सुटें करतांना अडतो." सूनबाईंना हें लिहितांना फार संकोच वाटला, आपली अब्रू चव्हाट्यावर मांडल्यासारखें वाटलें. दुसऱ्या दिवशीं बाईंचा उलट शेरा आला, "वर्गांत पुन्हा घेतें. आणखी पुष्कळांचें तसेंच आहे." म्हणजे त्या पुष्कळांच्या घरीं खोडरबर चालला होता, आणि बाईंना प्रथमच एक वही खरी दिसली होती.

हें सारें पाहतांना मला साताऱ्याची एक भाजीवाली वारंवार आठवत होती. तिची मुलगी रयत शिक्षण संस्थेच्या शाळेंत सहावीला आहे. आईला अक्षरओळख नाहीं. संध्याकाळीं गिऱ्हाईक ओसरलें कीं मुलगी टोपल्यांमागें पुस्तक उघडते आणि आई विचारते, "आज काय सांगितलं मास्तरांनीं? मला सांग." मुलगी सांगते. आईला न कळेल तेथें आई थांबविते. "असं कसं? पाव किलोचा दर बारा तर किलोचा अठ्ठेचाळीस. मग तुझा पन्नास कुठून आला?" तिला पुस्तकांतलें उत्तर ठाऊक नाहीं, म्हणून ती तें देऊं शकत नाहीं, पण समजलें कीं नाहीं हें तिला अचूक समजतें. सूनबाईंना जें मोठ्या कष्टानें गिळावें लागलें, तें या बाईला गिळण्यासाठीं नव्हतेंच.

कर्मवीर भाऊराव पाटलांनीं 1919 साली कऱ्हाड तालुक्यांतील काले येथें ही संस्था सुरू केली आणि 1924 साली साताऱ्यास आणून वसतिगृह उघडलें. त्यांत जीं मुलें आलीं त्यांचे आईबाप दूर खेड्यांत, आणि बहुतेक अशींच अक्षरशून्य. जातीजातींचीं मुलें एका पंक्तीला जेवलीं, हातांनीं कष्ट करून शिकलीं. त्यांचा अभ्यास त्यांच्याऐवजीं करणारें घरांत कोणी नव्हतें. यावरून अशिक्षित पालक बरे असा निष्कर्ष मी काढणार नाहीं. त्या मुलांनीं सोसलेलें सोसणें कोणाच्या वांट्यास न यावें. परंतु आपल्याला येतें म्हणूनच आपण मुलाच्या आड येतों, ही सुशिक्षितांची अडचण त्यांना नव्हती, हें खरें.

राहतां राहिले दादा. त्यांची रीत घरांत बंद झाली याचा त्यांना थोडा राग होता. नातवाच्या वहींत आपली रीत चालत नाहीं म्हणजे आपला अपमान, इतकें साधें तें गणित होतें. मी निघण्याच्या आदल्या दिवशीं नातूच त्यांच्याकडे गेला आणि म्हणाला, "आजोबा, तुमच्या रीतीचाहि ताळा बरोबर येतो. पण वाण्याला जास्त कां द्यायचं?" दादा क्षणभर गडबडले. पन्नास वर्षें ती रीत चालविणाऱ्या माणसाला तिचें कारण कोणीं विचारलें नव्हतें. मग त्यांनीं सुपारीचा अडकित्ता खालीं ठेवला.

"तुझं वय किती?"

"आठ."

"आणि माझं?"

"अडुसष्ट."

"आपल्यांत अंतर किती?"

जरा थांबून, बोटें मोजून : "साठ."

"दहा वर्षांनीं तूं अठरा होशील, मी अठ्ठ्याहत्तर. मग अंतर किती?"

चिरंजीवांनीं पुन्हा मोजलें. "साठच."

"वर दहा दिले, खालीं दहा दिले. अंतर तेंच राहतं. वरचे दहा सुटे देतों, खालचे दहा एक दशक म्हणून देतों. तोच तो खालचा एक."

नातू बराच वेळ वहीकडे पाहत राहिला. मग त्यानें 52 आणि 27 पुन्हा एकाखालीं एक लिहिले, आजोबांच्या रीतीनें, आणि शेजारीं बाईंच्या रीतीनें. दोन्हीकडे पंचवीस आले. ताळा पाहून त्यानें वही मिटली आणि आजोबांना विचारलें, "पण दहा वर्षांनीं तुम्ही खरंच अठ्ठ्याहत्तर व्हाल?"

दादांनीं अडकित्ता पुन्हा उचलला व म्हणाले, "तें बाईंना विचार."